तीन वर्षांचा गॅप आणि त्याचं एक वाक्य

डिसेंबर 2021 मध्ये यवतमाळला एका संस्थेत माझी मुलाखत झाली. पद होतं कापूस प्रकल्पातल्या क्षेत्र सहायकाचं. गावोगाव फिरायचं, शेतकऱ्यांच्या नोंदवह्या भरून घ्यायच्या आणि बोंडअळीवर लक्ष ठेवायचं, असं ते काम. माझं शिक्षण बी.ई. मेकॅनिकल, 2017 चं. बायोडाटावर शेवटची नोकरी डिसेंबर 2018 ला संपलेली होती आणि त्यानंतरची तीन वर्षं कोरी. म्हणजे गॅपही होता आणि क्षेत्रही बदललेलं. ती मुलाखत गेली. फेब्रुवारी 2022 मध्ये अशाच पदासाठी दुसरीकडे बोलावणं आलं आणि तिथे निवड झाली. मधल्या दोन महिन्यांत माझं शिक्षण वाढलं नव्हतं, अनुभवही वाढला नव्हता. ‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर तेवढं बदललं होतं. ते कसं बदललं, ते लिहितो आहे. आता मी स्वतः क्षेत्र सहायकांच्या मुलाखतीला टेबलाच्या पलीकडे बसतो आणि दारव्हा, आर्णी, दिग्रस, पुसद भागातून आलेल्या मुलामुलींकडून माझं डिसेंबरचं उत्तर जवळपास तसंच पुन्हा ऐकतो.

पहिल्या वेळी मी जे बोललो ते घरी आल्यावर आठवून वहीत उतरवलं होतं. साधारण असं होतं:

‘सर, खरं तर मी बी.ई. मेकॅनिकल आहे, पण त्या फील्डमध्ये तसा स्कोप नव्हता, म्हणजे जॉब होता, पण पगार कमी होता. मग मित्र म्हणाले एमपीएससी कर, म्हणून पुण्याला गेलो. पण दुर्दैवाने कोरोना आला, परीक्षा पुढे ढकलली, तीही एकदा नाही, बऱ्याच वेळा. त्यामुळे अभ्यासाची लय तुटली. त्यातच बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यांचा उजवा हात चालत नाही, भाऊ तेव्हा लहान होता, म्हणून मला नाइलाजाने शेती करावी लागली. म्हणजे मी फक्त घरीच नव्हतो सर, शेती बघत होतो. कागदावर गॅप दिसतो, पण तसा तो गॅप नाही…’

हे सगळं खरं होतं, एक शब्दही वाढवून सांगितलेला नव्हता. तरी नंतरची मुलाखत कशी गेली पाहा. पहिला प्रश्न आला, ‘वडिलांची तब्येत आता कशी आहे? तुम्ही गावाबाहेर राहू शकाल?’ दुसरा, ‘मेकॅनिकलला स्कोप नाही असं का म्हणता?’ तिसरा, ‘परीक्षेची जाहिरात परत आली तर?’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देण्यात वेळ संपला. कपाशीबद्दल एकही प्रश्न आला नाही. दोन खरीप मी ज्या पिकात उभा होतो, त्या पिकाची मुलाखत मी त्यावर एक शब्द न बोलता देऊन आलो.

बसमध्ये बसल्यावर वाटत होतं की पॅनेलला माझा गॅप खटकला. घरी मोठ्या बहिणीला तेच उत्तर जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तेव्हा वेगळंच कळलं. ती गावातल्या बचत गटाचं रजिस्टर लिहिते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तू तारीख त सांगतच नाही. नुसते कारणं सांगून रायला. आन् बाबाचं दुखणं त्याईले काऊन सांगून रायला?’ मग तिने माझ्या वहीतल्या त्या उत्तरावर पेन्सिल चालवली. जिथे जिथे ‘पण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ आलं होतं तिथे गोल केला. ‘हे जेवढे गोल आहेत ना, तेवढे प्रश्न ते इचारतीन.’ मोजले तर सात निघाले. पॅनेलचे तिन्ही प्रश्न त्या सातांतल्याच कुठल्या ना कुठल्या गोलाला चिकटलेले होते.

प्रत्येक कारण स्वतःसोबत एक प्रश्न घेऊन येतं. ‘पगार कमी होता’ म्हटलं की समोरच्याच्या मनात येतं, आमचाही पगार फार नाही, हा इथेही टिकणार नाही. ‘मित्र म्हणाले’ म्हटलं की प्रश्न पडतो, हा स्वतः ठरवतो की नाही. ‘नाइलाजाने शेती करावी लागली’ हे तर शेतकऱ्यांसोबत काम करायच्या पदासाठी सगळ्यात नुकसानीचं वाक्य होतं, आणि मी ते सहानुभूती मिळेल म्हणून बोललो होतो. पॅनेलला माझी परिस्थिती तपासायची नसते. त्यांच्या डोक्यात साध्या गोष्टी असतात: हा माणूस केव्हापासून केव्हापर्यंत कामाबाहेर होता, त्या काळात काय करत होता, आणि जे कारण होतं ते आता संपलं का. या तीन गोष्टी एका वाक्यात, फार तर दोन वाक्यांत मिळाल्या तर ते पुढे जातात. त्यातली एक जरी राहिली तर तेवढीच विचारायला मागे येतात.

हे नंतर टेबलापलीकडे बसून शंभरदा खरं होताना पाहिलं आहे. उमेदवाराचं वाक्य कुठे अपुरं आहे ते पुढच्या प्रश्नावरून ओळखता येतं. ‘म्हणजे नेमकं किती महिने?’ असं विचारलं गेलं तर तारखा राहिल्या. ‘मग त्या काळात करत काय होता?’ असं आलं तर काम राहिलं. ‘आणि आता?’ असं आलं तर शेवट राहिला. तुम्ही घरच्यांसमोर सराव करत असाल तर ऐकणाऱ्याला एवढंच सांगा, की ऐकून झाल्यावर मनात जो पहिला प्रश्न येईल तो विचार. तो प्रश्न गॅपचा असेल तर वाक्य अजून दुरुस्त करायचं आहे. तो कामाचा असेल तर झालं.

आता वाक्य कसं घडवलं ते सांगतो. सुरुवात तारखांपासून. महिना आणि साल दोन्ही. ‘दोन-तीन वर्षं’ असं बोललं की लपवल्यासारखं वाटतं, ‘जानेवारी 2019 ते मार्च 2021’ म्हटलं की ती एक नोंद होते. राज्यसेवेची जी पूर्वपरीक्षा 5 एप्रिल 2020 ला व्हायची होती ती पुन्हापुन्हा पुढे जाऊन अखेर 21 मार्च 2021 ला झाली. माझ्या वयाच्या सगळ्या मुलांना ते वर्ष पाठ आहे, आणि म्हणूनच ते सांगायचा मोह फार होतो. मी सांगत नाही. ती परीक्षा मी दिली, तारीख तिथे संपते, एवढं पुरतं. उशीर आयोगामुळे झाला की साथीमुळे, यावर पॅनेलला निकाल द्यायचा नाही.

मग क्रियापदं. मराठीत गोष्टी आपोआप ‘होतात’: नोकरी सुटली, अभ्यास राहून गेला, परीक्षा निघाली नाही, शेती करावी लागली. आपल्या बोलण्यात हे इतकं मुरलेलं आहे की आपल्याला ऐकूही येत नाही. ‘नोकरी सुटली’ ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की काढलं की काय. मी ती सोडली होती, तर ‘सोडली’ म्हणायचं. ‘शेती करावी लागली’ नाही, ‘शेती केली’. ‘अभ्यास सुटला’ नाही, ‘अभ्यास थांबवला’. मात्र यात एक मर्यादा पाळावी लागते. तुम्हाला खरंच कमी केलं असेल किंवा करार संपला असेल, तर ‘सोडली’ म्हणू नका. ‘करार मार्चमध्ये संपला’, ‘त्या युनिटमधली कामगारकपात झाली त्यात माझं पद गेलं’ ही सरळ वाक्यं आहेत आणि त्यांत कमीपणा काही नाही. खोटं ‘सोडली’ पुढे कागदावर पकडलं जातं, ते खाली सांगतो.

काही शब्द मात्र सरसकट काढले. ‘खरं तर’, ‘दुर्दैवाने’, ‘फक्त’, ‘नुसता’, ‘तसा’, ‘घरीच’. यातला प्रत्येक शब्द माफी मागतो. ‘घरीच होतो’ मधला ‘च’ एवढासा आहे, पण आपण स्वतःच्या तीन वर्षांची किंमत त्या एका अक्षरात पाडतो. आपल्याकडे ही सवय बहुधा कॉलेजच्या प्रवेशापासून लागते. शिक्षणात खंड पडला की प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात खंड का पडला ते लिहायचं, त्या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता असं लिहायचं, सही करायची. आपण गॅप म्हटला की शपथेवर खुलासा द्यायला शिकलेलो आहोत. नोकरीच्या मुलाखतीत तसला खुलासा कोणी मागितलेला नसतो.

वडिलांचं आजारपण. यावर माझं आणि बहिणीचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. ते अजिबात सांगायचं नाही असं ती म्हणत नव्हती. ती म्हणत होती की दुखण्याचं नाव, कुठला हात, कुठला दवाखाना हे त्यांचं काम नाही. विचार केला तर पटलं. आजाराचं नाव घेतलं की ऐकणारा त्या आजाराबद्दल विचार करायला लागतो, बरं होतं का, किती दिवस लागतात, असं. ‘घरच्या कारणाने शेती मी पाहिली, आता ती धाकटा भाऊ पाहतो’ एवढ्यात काम होतं. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. भाऊ 2021 च्या खरिपात माझ्यासोबत होता आणि पुढची पेरणी तो करणार हे घरात ठरलं होतं, म्हणून मी ते म्हणू शकलो. तुमच्या घरी अजून तशी सोय लागलेली नसेल तर आधी ती लावा, मग मुलाखतीला जा. वाक्यात सोय लावून उपयोग नाही, कारण पहिल्या पेरणीलाच ती उघडी पडते.

आता क्षेत्र बदलल्याचा भाग. इथे बहुतेक जण जुन्या क्षेत्राची निंदा करतात. मीही केली होती. मेकॅनिकलला स्कोप नाही, आयटीत स्पर्धा फार, डी.एड.ला भरती नाही. पॅनेलमध्ये कधी कधी त्याच क्षेत्रातून आलेला माणूस बसलेला असतो, ते सोडा, पण निंदेतून एवढंच कळतं की तुम्ही कशापासून पळालात. कशाकडे आलात ते कळत नाही. त्याऐवजी जुन्या कामातली एकच गोष्ट शोधावी जी नव्या कामात जशीच्या तशी लागते. एकच. तीन-चार सांगितल्या की ओढूनताणून वाटतं.

मला ती शोधायला वेळ लागला. बुटीबोरीच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीत होतो. ठरलेल्या वेळी मशीनवरून नग उचलायचा, व्हर्नियरने माप घ्यायचं, ते शीटवर लिहायचं, माप हद्दीबाहेर जायला लागलं की सुपरवायझरला सांगायचं. यात कपाशीशी संबंध काय? मग एक दिवस सापळे पाहताना लक्षात आलं. आमच्या कपाशीत मी एकरी दोन कामगंध सापळे लावले होते. रोज सकाळी त्यांत अडकलेले गुलाबी बोंडअळीचे नर पतंग मोजायचे आणि वहीत लिहायचे. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग आले की आर्थिक नुकसानीची पातळी आली असं समजायचं आणि फवारणीचा विचार करायचा. सोबत शेतात फिरून वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची, त्यांत दोनात अळी निघाली तर दहा टक्के, म्हणजे तीही पातळी गाठली. ठरलेल्या वेळी नमुना, मोजणी, नोंद, हद्द ओलांडली की हालचाल. कारखान्यातलंच काम होतं, फक्त नगाच्या जागी बोंड होतं. हे मी कुठून वाचून जोडलं नव्हतं, म्हणून ते बोलताना जड गेलं नाही.

शेवटचा प्रश्न क्रमाचा. जन्मापासून सुरू करून वर्षावर वर्ष सांगत गेलं की गॅप बरोबर शेवटी येतो, कारण तो सगळ्यात अलीकडचा असतो. आणि शेवटी जे बोललं जातं त्यावरच पहिला प्रश्न येतो. म्हणून मी आताच्या कामापासून सुरुवात केली, मग मागे गेलो, गॅप मध्ये ठेवला आणि शेवट त्यांच्या पदावर केला. फेब्रुवारीत जे बोललो ते असं:

‘नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला. 2020 आणि 2021 हे दोन खरीप घरची आठ एकर शेती मी केली, पाच एकर कपाशी आणि तीन एकरांत सोयाबीन-तूर. कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजले आणि वहीत लिहिले, 2021 ला फवारणीची वेळ त्या वहीवरून ठरवली. शिक्षण बी.ई. मेकॅनिकल, 2017. त्यानंतर बुटीबोरीला एका कारखान्यात 17 महिने गुणवत्ता तपासणी केली. नमुना वेळेवर घ्यायचा आणि नोंद त्याच दिवशी पूर्ण करायची ही सवय तिथली. ती नोकरी सोडून जानेवारी 2019 ते मार्च 2021 मी राज्यसेवेचा अभ्यास केला, त्यातलं शेवटचं वर्ष गावी, शेती करत. पूर्वपरीक्षा दिली, निवड झाली नाही, तो अभ्यास मी थांबवला. शेती आता धाकटा भाऊ पाहतो. तुमच्या जाहिरातीत नोंदवह्या भरून घेणं आणि बोंडअळीचं निरीक्षण ही दोन मुख्य कामं आहेत. दोन्ही मी माझ्या शेतात केली आहेत, आता ती इतर शेतकऱ्यांसोबत करायची आहेत.’

फोनवर रेकॉर्ड करून मोजलं तेव्हा हे सव्वा मिनिटाच्या आसपास बसत होतं. त्यात गॅपचं बोलणं पंधरा सेकंदांचं. ‘निवड झाली नाही’ हे ठेवावं की नाही यावर मी अडलो होतो. ठेवलं, कारण ते वगळलं तर परीक्षेचं काय झालं हा प्रश्न नक्की येतो, आणि विचारल्यावर सांगितलेलं अपयश आपण होऊन सांगितलेल्यापेक्षा मोठं दिसतं. पण का झाली नाही हे सांगितलं नाही.

पुढचा प्रश्न आला, ‘सापळ्यात किती पतंग आले की फवारणी करता?’ आठ आणि सलग तीन दिवस हे सांगितलं, बोंडं फोडून पाहायचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं की सापळ्यातली पतंगांना ओढणारी गंधाची ल्यूर किती दिवसांनी बदलली, शेजारच्या शेतकऱ्याने सापळे लावले नसतील तर काय, अळीमुळे न उमललेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसल्या तर काय केलं. वीस मिनिटं कपाशीत गेली. त्या खोलीत मी पहिल्यांदा श्वास नीट घेतला.

गॅपवर एकच प्रश्न आला, तोही शेवटी. ‘राज्यसेवेची जाहिरात आली तर?’ हा प्रश्न रास्त आहे. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा 38 आहे, मागास प्रवर्गाला 43, म्हणजे सत्तावीस वर्षांच्या मुलाकडे बरीच वर्षं उरलेली असतात हे पॅनेललाही माहीत असतं. इथे ‘कधीच नाही सर’ असं शपथेवर सांगणारे मी आता रोज पाहतो आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मी म्हणालो, ‘मार्चनंतर अर्ज भरलेला नाही. यंदाचा हंगाम धरून पुढे याच कामात राहायचं ठरवलं आहे.’ घडलेली गोष्ट एक, ठरवलेली गोष्ट एक. तुम्ही खरंच पुन्हा परीक्षा देणार असाल तर हे वाक्य तुमचं नाही. मग ‘एक प्रयत्न अजून देणार आहे, पण नोकरी करत’ असं सांगा आणि कदाचित ते पद जाऊ द्या. हंगामाच्या मध्यात अभ्यासासाठी सोडून गेलेल्या सहायकाची गावं नंतर कोणाला तरी सांभाळावी लागतात, ती मी सांभाळली आहेत.

बायकांच्या गॅपबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे काम असतं आणि ते सांगितलं जात नाही. मागच्या वर्षी एक बी.कॉम. झालेल्या ताई आल्या होत्या. लग्नाआधी दोन वर्षं पतसंस्थेत नोकरी, मग सहा वर्षांचा खंड. त्या म्हणाल्या, ‘लग्नानंतर घरीच होते.’ पुढे बोलता बोलता, अगदी शेवटी, सहज निघालं की शेवटची चार वर्षं गावातल्या बचत गटाचं सगळं लिखाण त्या करतात. बैठकीची हजेरी, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड. ज्या पदासाठी त्या आल्या होत्या त्यात नोंदी अद्ययावत ठेवणं हेच मुख्य काम होतं आणि त्यांनी ते गॅप या शब्दाखाली गाडून टाकलं होतं. त्याचं वाक्य असं व्हायला हवं होतं: ‘2017 ते 2023 मी नोकरीत नव्हते. त्यातली शेवटची चार वर्षं गावातल्या गटाची रजिस्टरं मी लिहिते, आणि आता पूर्णवेळ कामाला उपलब्ध आहे. गाडी चालवते.’ मुलं किती, ती कोण सांभाळणार, सासरचे काय म्हणतात हे आपण होऊन सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुरुष उमेदवार ते कधी सांगत नाहीत. ‘पूर्णवेळ उपलब्ध’ आणि ‘गाडी चालवते’ या दोन गोष्टींत पॅनेलला हवं ते सगळं येतं. त्या ताईंना आम्ही घेतलं, पण ते आमच्या टेबलावर एक जण चिवटपणे विचारत राहिल्यामुळे. सगळीकडे तसं कोणी बसलेलं नसतं.

तसंच हंगामी कामाचं. नोव्हेंबर ते मार्च जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसलेली, तूर खरेदीच्या केंद्रावर पोत्यांची नोंद ठेवलेली मुलं ते बायोडाटात लिहीत नाहीत, कारण पत्र मिळालेलं नसतं. पत्र नसलं तरी काम झालेलं असतं. ‘दोन हंगाम जिनिंगच्या काट्यावर’ हे सांगा. फक्त ते फुगवून ‘सुपरवायझर’ करू नका, कारण जिनिंगवाला आणि पॅनेल दोघेही याच जिल्ह्यातले असतात.

आणि खरंच काही केलं नसेल, तब्येत बिघडली असेल, मन लागत नसेल आणि वर्ष निघून गेलं असेल, तर त्याला कामाचा मुलामा देऊ नये. ‘2022 मध्ये तब्येतीच्या कारणाने वर्षभर काम केलं नाही. आता कामाला पूर्ण तयार आहे.’ एवढं पुरतं. पुढे कोणी खोदलंच तर ‘ते आता संपलं आहे, कामावर त्याचा परिणाम नाही’ असं शांतपणे सांगून थांबायचं. ऑनलाइन कोर्सची नावं भरून जागा झाकणाऱ्यांना आम्ही त्या कोर्समधलं एक काहीतरी विचारतो आणि तिथे मुलाखत मोडते.

हिंदीत किंवा इंग्रजीत मुलाखत असेल तर गॅपचं वाक्य त्याच भाषेत आधी तयार ठेवा. मराठीत सरळ बोलणारी मुलं भाषा बदलली की ‘सॉरी सर’वर येतात, कारण शब्द शोधताना माफीचे शब्द आधी सापडतात. वऱ्हाडी बोलण्याची मात्र काळजी करू नका. गावात ज्यांच्याशी बोलायचं आहे ते तसंच बोलतात.

एक कागदाची गोष्ट राहिली, आणि तिच्यामुळे माझी निवड होऊनही जवळपास अडकली होती. पीएफचा यूएएन क्रमांक दिला की नव्या ठिकाणच्या लोकांना तुमची जुनी नोकरी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे दिसतं. माझ्या जुन्या कारखान्याने बाहेर पडल्याची तारीख भरलीच नव्हती. म्हणजे मी तोंडाने डिसेंबर 2018 सांगत होतो आणि नोंदीत मी 2022 पर्यंत तिथे कामावर होतो. मी खोटं बोललो असं त्यांना वाटणं साहजिक होतं. शेवटचं पासबुक दाखवलं, त्यात डिसेंबर 2018 नंतर एकही वर्गणी नव्हती, तेव्हा सुटलो. ही तारीख आपल्याला स्वतः भरता येते. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएन आणि पासवर्डने आत जाऊन Manage खाली Mark Exit उघडायचं, जुना मालक निवडायचा, तारीख आणि कारण भरायचं, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. भरलेली तारीख नंतर सहज बदलत नाही, म्हणून आधी पासबुकमधला शेवटचा महिना पाहून घ्या. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही, ते काम तालुक्याच्या आधार केंद्रावर आधी करून घ्यावं लागतं. ते झालं की बायोडाटात तोच महिना लिहा आणि तोंडानेही तोच सांगा.